पावसाळी तापातील तीव्र मूत्रपिंड इजा

मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस किंवा डेंग्यू झालेल्या रुग्णाची मूत्रपिंडे काही दिवसांतच काम करेनाशी होणे. ४८ तासांत, मूत्रपिंडे एरवी गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, म्हणजे रक्तातील क्रिएटिनिन, ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर किंवा त्याहून अधिक वाढले, किंवा सहा तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी झाली, तर इजा झाल्याचे धरतात. ६० किलोच्या माणसाला हे ताशी ३० मिलिलिटर.

वाट प्रत्येक तापाची वेगळी. फाल्सिपेरम मलेरियात परजीवींनी बाधलेल्या लाल पेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात, शिवाय पेशी फुटतात. लघवी आटते आणि पोटॅशियम झपाट्याने चढते. डेंग्यूत बहुधा रक्तद्रव वाहिन्यांबाहेर झिरपून रक्तदाब कोसळतो.

लेप्टो यांत वेगळाच. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून, पायाच्या जखमांवाटे जंतू शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली. कोकणात भातलावणीच्या हंगामात तो ओळखीचा आहे. जंतू मूत्रपिंडाच्या नलिकांत ठाण मांडतात. नलिकांना सोडियम परत शोषता येत नाही आणि पोटॅशियमही लघवीवाटे निघून जाते. म्हणून क्रिएटिनिन चढत असताना लघवी भरपूर आणि पोटॅशियम कमी, असे उलटे चित्र दिसते. भरपूर लघवी पाहून घरचे निश्चिंत होतात, ती फसगत.

समजा, लावणी करणारा ६० किलोचा शेतकरी पाचव्या दिवशी आला. डोळे पिवळे व लाल, पोटऱ्या दुखऱ्या, क्रिएटिनिन ५.२, पोटॅशियम ३.१, दिवसभरात लघवी १४०० मिलिलिटर. अंगदुखीवर डायक्लोफेनॅकची सुई आधीच टोचलेली, तीही मूत्रपिंडाला मारकच. प्रतिजैविक आणि बेताचे सलाइन सुरू झाले. दुसऱ्या दिवशी लघवी ३०० वर आली, धाप लागली, फुफ्फुसांत पाणी भरले आणि लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडनेही उतरले नाही. आता डायलिसिस टाळता येत नाही.

केवळ क्रिएटिनिनचा आकडा पाहून हा निर्णय होत नाही. औषधांना न जुमानणारे ६.५ च्या वरचे पोटॅशियम, रक्ताची तीव्र आम्लता, न हटणारे फुफ्फुसातील पाणी, युरियामुळे येणारी गुंगी किंवा हृदयावरणाचा दाह ही खरी कारणे. गंभीर लेप्टोत मात्र या साऱ्याची वाट पाहू नये: लवकर सुरू केलेले, रोजचे डायलिसिस मृत्यू कमी करते, असा ब्राझीलमधील अनुभव आहे.

या शेतकऱ्यासाठी यंत्रातील द्रावात पोटॅशियम नेहमीच्या २ ऐवजी ४ मिलिमोल प्रति लिटर ठेवावे लागेल, नाहीतर ते आणखी खाली जाऊन हृदयाची लय बिघडेल. प्लेटलेट घसरलेल्या असल्यास, मग ताप डेंग्यूचा असो वा लेप्टोचा, मानेत किंवा जांघेत डायलिसिसची नळी घालताना रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रक्त गोठू न देणारे हेपरिन टाळतात. बहुतेकांची मूत्रपिंडे काही आठवड्यांत सावरतात आणि नळी काढली जाते. त्या काळात लघवीचा पूर येतो. गेलेले पाणी व क्षार मोजून भरावे लागतात.