जुने मार्क नव्या पेपरात पुन्हा मोजले जातात तेव्हा

पेपर तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, पोराचं नाव बघून तुम्ही मार्क देता का, तर तो नाही म्हणेल आणि खरंच मनापासून म्हणेल. मुद्दाम कुणी देतही नाही. पण पोराचं मागचं काम माहीत असेल तर मार्क सरकतात, आणि ते कसे सरकतात हे ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात फार स्वच्छ दिसलं, म्हणून आधी तो सांगतो.

तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ जॉन मॅलूफ आणि त्यांचे सहकारी यांनी 2013 मध्ये हा प्रयोग छापला. वेगवेगळ्या विषयांचे 159 प्राध्यापक आणि टीचिंग असिस्टंट घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले. एका गटाला एका विद्यार्थ्याचं छान झालेलं प्रेझेंटेशन दाखवलं, दुसऱ्या गटाला त्याच विद्यार्थ्याचं वाईट झालेलं, आणि दोघांनाही त्याला मार्क द्यायला लावले. मग सगळ्यांच्या हातात त्याच विद्यार्थ्याचं एक लेखी काम दिलं, ज्याचा त्या प्रेझेंटेशनशी काही संबंध नव्हता. लेखी काम दोन्ही गटांना एकच, शब्दन् शब्द तेच. तरी ज्यांनी चांगलं प्रेझेंटेशन पाहिलं होतं त्यांनी लेखी कामाला जास्त मार्क दिले, आणि फरक योगायोगाने येईल त्यापेक्षा मोठा होता.

इथे विद्यार्थी तोच, कागद तोच आणि गट नशिबाने पडलेले, म्हणजे "पहिल्या गटातले सर जरा सढळ हाताचे असतील" असंही म्हणता येत नाही. बदललं फक्त एकच, तपासणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून काय होतं. मानसशास्त्रात याला हॅलो इफेक्ट म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने 1920 मध्येच लिहून ठेवलं होतं की लष्करातले अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यासाठी वेगवेगळे गुण देतात खरे, पण ते गुण एकमेकांना इतके चिकटलेले निघतात की खऱ्या माणसांत एवढा मेळ असूच शकत नाही. एका गोष्टीवरून झालेलं मत बाकीच्यांवर पसरतं.

आता हे पेपरावर नेमकं कुठे घडतं ते बघू. समजा प्रकाशसंश्लेषणावर 5 मार्कांचा प्रश्न आहे आणि उत्तरात एक वाक्य असं आहे: "पानं सूर्यप्रकाशात अन्न बनवतात आणि हवा घेऊन हवा सोडतात." वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीने हे लिहिलं असेल तर सर वाचताना मनातल्या मनात ते पूर्ण करून टाकतात, कार्बन डायऑक्साइड घेऊन ऑक्सिजन सोडतात असं म्हणायचंय हिला, घाईत राहिलं, आणि पेन तीन-साडेतीनवर थांबतं. हेच वाक्य मागच्या वेळी नापास झालेल्या मुलाचं असेल तर तीच "हवा" वेगळी वाचली जाते, याला श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण यातला फरक कळलेला नाही, दोन. दोन्ही वाचनं शक्य आहेत, वाक्य खरंच अर्धवट आहे, आणि म्हणूनच तपासणाऱ्याला आपण काही चुकीचं केलं असं कधी वाटतच नाही, त्याला वाटतं आपण उत्तर नीट समजून घेतलं. (हे मार्क मी उदाहरण म्हणून घेतलेत, प्रयोगातले नाहीत.)

पर्याय निवडायच्या प्रश्नात अशी जागाच नसते, ब बरोबर असेल तर कुणीही लिहो, बरोबरच. निबंध, प्रोजेक्ट रिपोर्ट, दीर्घोत्तरी प्रश्न, म्हणजे जिथे वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो तिथे हे सगळं होतं. उत्तर जितकं धूसर तितकं जुनं मत जास्त काम करतं.

यावर एक युक्तिवाद नेहमी येतो आणि तो मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. शिक्षक म्हणतात, मी वर्षभर या मुलीला बघतोय, तिला हे येतं हे मला माहीत आहे, मग ती माहिती का वापरू नये? मुलीला एकूण किती येतं याचा अंदाज करायचा असेल तर जरूर वापरा. पण मार्क त्या अंदाजाला नसतात, समोरच्या कागदाला असतात. मागच्या पेपरात ती चांगलं लिहून गेली त्याचे मार्क तिला तेव्हाच मिळालेत, आता तेच यश या पेपरात परत मोजलं तर ते दोनदा मोजलं गेलं, आणि ज्याचं आधी बिघडलं होतं त्याचं अपयशही दोनदा मोजलं गेलं. मला यातला खरा अन्याय हा वाटतो, कारण जो पोरगा मधल्या तीन महिन्यांत मान मोडून अभ्यास करून सुधारलाय त्याची सुधारणा दिसायला हवी ती याच पेपरात, आणि नेमकी तिथेच ती कापली जाते.

नाव झाकल्यावर काय होतं? मॅलूफ आणि मंडळींनी 2014 मध्ये पुढचा प्रयोग छापला, यावेळी 126 तपासणारे आणि गट तीन. तिसऱ्या गटाने प्रेझेंटेशन पाहिलंच नाही, थेट लेखी काम तपासलं. त्यांचे मार्क चांगलं आणि वाईट प्रेझेंटेशन पाहिलेल्या दोन गटांच्या मध्ये पडले. यातून कळतं की फक्त कच्च्यावर अन्याय होतो असं नाही, हुशार म्हणून माहीत असलेल्याला वर ढकललंही जातं, आणि नाव नसलं की दोन्ही ओढ थांबते.

आपल्याकडे दहावीच्या बोर्डाच्या लेखी पेपराला बारकोड असतो आणि तपासणाऱ्याला नाव दिसत नाही. पण अंतर्गत 20 मार्क आणि कॉलेजातली असाइनमेंट ओळखीच्याच शिक्षकांच्या हातात असतात, तिथे काही करायचं तर ते त्यांनाच करावं लागेल. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरवर काम घेत असाल तर असाइनमेंटच्या सेटिंगमध्ये `Anonymous submissions` चालू करता येतं, मग नावाच्या जागी नुसता नंबर दिसतो आणि सगळे मार्क देऊन झाल्यावर `Reveal student identities` दाबायचं. एकदा दाबलं की परत लपवता येत नाही, म्हणून शेवटचा मार्क टाकल्याशिवाय दाबू नका. आणि पोरांना आधीच सांगा की फाइलच्या नावात आणि पहिल्या पानावर स्वतःचं नाव नको, नाहीतर सेटिंगचा काही उपयोग नाही.

कागदावर तपासत असाल तर पहिलं पान दुमडून पिन मारली तरी चालतं. अर्थात वीस मुलांच्या वर्गात अक्षर ओळखू येतं, तिथे नाव झाकून अर्धंच काम होतं. आणि नाव पूर्ण झाकलं तरी एक वाट उरतेच, ती म्हणजे त्याच पेपरातलं पहिलं उत्तर. ते झकास असलं की दुसऱ्याकडे आपण प्रेमाने बघतो, ते फसलं की संशयाने. त्यासाठी अख्खा पेपर एका दमात न तपासता सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी तपासायचा, गठ्ठा पिसायचा, मग सगळ्यांचा दुसरा. वेळ थोडा जास्त लागतो, पण प्रत्येक प्रश्नाला आपली मोजपट्टीही सारखी राहते.

तोंडी परीक्षा आणि प्रेझेंटेशनला मात्र नाव झाकता येत नाही, चेहराच समोर असतो. तिथे निदान क्रम बदलता येतो, लेखी रिपोर्ट आधी तपासून मार्क लिहून बंद करायचे आणि मग प्रेझेंटेशन घ्यायचं, आणि जमलं तर ते अशा सहकाऱ्याकडे द्यायचं ज्याने लेखी मार्क पाहिलेले नाहीत.