डिझेल, मीटर आणि तिकीट मशीन : तुमच्या बसच्या उत्पन्नाची तपासणी आम्ही कशी करतो

बसमालक आमच्या कार्यालयात येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात रोकड वही असते आणि तोंडी एकच वाक्य: "गाडी भरून जाते, पण पैसे दिसत नाहीत." आम्ही ती वही बाजूला ठेवतो आणि आधी डिझेलची बिलं मागतो. पुष्कळांना ते उलटं वाटतं, म्हणून हे पत्रक.

ट्रिपशीट कंडक्टर लिहितो. मशीनमध्ये फेरी उघडणं आणि बंद करणं त्याच्याच हातात असतं, रोखही तोच भरतो. म्हणजे ही तीन कागदपत्रं एकमेकांशी जुळली तरी त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही, कारण तिन्ही एकाच हातातून आलेली असतात. लपवलेली फेरी तिन्हींमधून एकदमच गायब होते आणि हिशेब पैशापैशाने जुळतो. पंपाचं बिल मात्र पंपावर तयार होतं, किलोमीटर गाडीचं मीटर मोजतं आणि गॅरेजचं जॉबकार्ड मेकॅनिक लिहितो. कंडक्टरचा हात न लागलेले कागद हे एवढेच, त्यामुळे आम्ही सुरुवात तिथून करतो.

एका गाडीचा महिना

नाव आणि मार्ग सांगत नाही, आकडे सांगतो. मध्यम आकाराची बस, एका बाजूचं अंतर ४६ किलोमीटर, जाऊन-येऊन एक फेरी ९२ किलोमीटरची. रोज दोन फेऱ्या ठरलेल्या, महिन्यात २६ दिवस, म्हणजे ५२ फेऱ्या. ट्रिपशीटवर ४७ होत्या. पाच संध्याकाळी शेरा होता, "गाडी नादुरुस्त, फेरी रद्द". मशीनमध्येही ४७ फेऱ्यांची तिकिटं होती आणि भरलेली रोख मशीनच्या बेरजेइतकीच होती. मालक म्हणाले, हिशेबात काही खोट नाही. कागदावर ते खरंच होतं.

मग किलोमीटर मांडले. ४७ फेऱ्यांचे ४,३२४. गाडी लावायच्या जागेपासून स्टँडपर्यंत जाण्या-येण्याचे रिकामे किलोमीटर रोज ६, म्हणजे २६ दिवसांचे १५६. एकूण ४,४८० किलोमीटर. या गाडीचं ॲव्हरेज आधीच्या चार महिन्यांत लिटरला ५ किलोमीटरच्या आसपास राहिलं होतं, त्या हिशेबाने डिझेल ८९६ लिटर लागायला हवं होतं. बिलं ९९० लिटरची होती. ९४ लिटर जास्त.

इथे घाई करू नये. डिझेल जास्त गेलं याचे दोन अर्थ निघतात: एक तर डिझेल टाकीतून बाहेर काढलं गेलं, नाही तर गाडी कागदावर दिसते त्याहून जास्त धावली. दोन्हींचा फरक मीटर सांगतं. महिन्याच्या सुरुवातीला मीटरवर १,८४,२१० होतं आणि शेवटी १,८९,१५२, म्हणजे गाडी ४,९४२ किलोमीटर चालली. त्याला ९९० लिटरने भागलं की ॲव्हरेज ४.९९ येतं, नेहमीइतकंच. म्हणजे डिझेल चोरीला गेलं नव्हतं, ते रस्त्यावर जळलं होतं. पण ट्रिपशीटपेक्षा ४६२ किलोमीटर जास्त कुठे गेले? पाच फेऱ्यांचे होतात ४६०.

त्या पाच तारखा घेऊन आम्ही गाडीची दुरुस्ती फाईल उघडली. मालक नेहमी उद्यमनगरातल्या एकाच गॅरेजला गाडी देत. त्या पाचपैकी एकाही तारखेचं जॉबकार्ड नव्हतं, सुट्या भागाचं बिलही नव्हतं. शिवाय, ज्या गाडीची संध्याकाळी ब्रेकडाऊनमुळे फेरी रद्द झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर सुटली होती, पाचही वेळा. शेवटी मशीन बंद पडल्यावर वापरायला दिलेला हातातिकिटांचा ब्लॉक मागवला. रजिस्टरला त्या महिन्यात एकही तिकीट वापरल्याची नोंद नव्हती. हातात आलेल्या ब्लॉकचं पहिलं शिल्लक तिकीट मात्र १४३ क्रमांकाचं होतं.

पैशाचा अंदाज आम्ही मशीनवरूनच काढला. त्याच महिन्यात, त्याच वेळेच्या चालू फेऱ्यांचं सरासरी उत्पन्न फेरीला ३,१८० रुपये होतं, म्हणजे पाच फेऱ्यांचे १५,९०० रुपये. हा अंदाज आहे. कुणाकडून तेवढी रक्कम वसूल करायला तो पुरेसा नाही, आणि आमच्या अहवालात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. अहवालात फेऱ्यांच्या तारखा, किलोमीटर आणि ब्लॉकचे क्रमांक असतात. कंडक्टरला आणि ड्रायव्हरला समोर बसवून विचारणं हे मालकाचं काम. तेही त्यांचं म्हणणं ऐकून घेऊन.

हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण आमच्याकडून एकदा चूक झाली होती. एका गाडीत डिझेल ६० लिटर जास्त दिसलं आणि आम्ही ड्रायव्हरवर संशय घेतला. नंतर कळलं, महिन्याच्या शेवटच्या रात्री टाकी भरली होती आणि ते डिझेल पुढच्या महिन्यात जळलं. बिल या महिन्यात, धावणं पुढच्या. आम्ही त्या माणसाची माफी मागितली. तेव्हापासून टाकी काठोकाठ ते काठोकाठ मोजल्याशिवाय आम्ही ॲव्हरेजवर बोलत नाही.

ॲव्हरेज बदलायला प्रामाणिक कारणंही असतात. जोतिबा-पन्हाळ्याच्या चढावर चालणाऱ्या गाडीची तुलना जयसिंगपूरच्या सपाट रस्त्यावरच्या गाडीशी करता येत नाही, प्रत्येक गाडीची तुलना तिच्याच मागच्या महिन्यांशी करायची. ऊस गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉल्यांमागे रांगत जावं लागतं. पूर आला, २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तसा, तर वळसा घालून गेलेले किलोमीटर ट्रिपशीटवर त्याच दिवशी लिहून घ्या, नाही तर तेही लपवलेल्या फेरीसारखे दिसतात. टायरचा आकार बदलला की मीटर वेगळं मोजतं. मीटर बंद पडलं असेल तर आमचा निम्मा आधार जातो. तेव्हा गाडीच्या ट्रॅकरची नोंद लागते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या नव्या सार्वजनिक वाहतुकीच्या गाड्यांना ट्रॅकर बंधनकारक आहे, त्यामुळे तुमच्या नव्या गाडीत तो असेलच. त्याचा जुना डेटा किती दिवस राहतो ते पुरवठादाराला विचारून घ्या.

या पद्धतीने पकडता येतं ते अख्ख्या फेरीचं लपवणं. गाडीत ४० माणसं आणि तिकिटं २८, किंवा लांबच्या प्रवाशाला जवळच्या टप्प्याचं तिकीट, हे डिझेलवरून कळत नाही, कारण बारा माणसं जास्त असली तरी डिझेलमध्ये फरक दिसण्याइतका पडत नाही. त्याला वाटेत अचानक चढून तपासणीच करावी लागते. ती कोणत्या फेरीला करायची हे मात्र आम्ही सांगू शकतो: एकाच वाराच्या, एकाच वेळेच्या फेऱ्यांचं मशीनवरचं भारमान कंडक्टर बदलला की एकदम खाली जात असेल, तर त्या फेरीला.

पहिल्या महिन्यासाठी तयारी

पंपाची मूळ बिलं, ट्रिपशीट, मशीनचा फेरीवार अहवाल (फक्त दिवसाची बेरीज नको), हातातिकिटांच्या ब्लॉकचं रजिस्टर आणि गॅरेजची जॉबकार्डं आणा. गाडीच्या परवान्याची प्रतही हवी, कारण टप्पा वाहतुकीच्या गाडीचा आणि कंत्राटी परवान्याच्या गाडीचा हिशेब आम्ही वेगळा मांडतो.

आणि १ तारखेला, पहिली फेरी सुटण्याआधी, टाकी काठोकाठ भरून मीटरचा फोटो काढा. फोटोत गाडीचा नंबर दिसू द्या. पुढच्या १ तारखेला त्याच पंपावर, त्याच वेळी पुन्हा तसंच करा. त्या दोन फोटोंमधल्या सगळ्या बिलांवर गाडीचा नंबर आणि त्या क्षणाचं मीटर रीडिंग पंपावरच्या माणसाकडून लिहून घ्या, ड्रायव्हरकडून नको.