पोर्टफोलिओ आढाव्याची वारंवारता

गुंतवणूकदार आपल्या सगळ्या गुंतवणुकीचे एकत्रित मूल्य किती दिवसांनी पाहतो, त्याला आढाव्याची वारंवारता म्हणतात. ही केवळ सवयीची बाब वाटते, पण तिचा परिणाम निर्णयांवर होतो. तोच पोर्टफोलिओ रोज पाहणाऱ्याला धोकादायक वाटतो आणि तीन महिन्यांनी पाहणाऱ्याला बराचसा सुसह्य वाटतो. रोज पाहणारा त्यामुळे पडत्या बाजारात विकून बाहेर पडण्याची शक्यता वाढते. वर्तनवादी अर्थशास्त्रात या घटनेला ‘मायोपिक लॉस अव्हर्जन’ म्हणतात, म्हणजे जवळचेच पाहिल्यामुळे वाढलेली तोट्याची धास्ती. श्लोमो बेनार्त्झी आणि रिचर्ड थेलर यांनी १९९५ मध्ये ही कल्पना मांडली.

कल्पनेची मुळे आणखी जुनी आहेत. १९६३ मध्ये अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी एका सहकाऱ्याला पैज देऊ केल्याची हकिकत लिहिली. नाणे उडवायचे, जिंकल्यास २०० डॉलर मिळणार, हरल्यास १०० डॉलर जाणार. सहकारी नाही म्हणाला. १०० डॉलर गेल्याचे दुःख २०० मिळाल्याच्या आनंदापेक्षा मोठे असेल, असे त्याचे कारण होते. अशाच १०० पैजा एकत्र मिळत असतील तर मात्र तो तयार होता. सॅम्युएलसन यांना हे विसंगत वाटले. बेनार्त्झी आणि थेलर यांनी मात्र त्यातच गुंतवणूकदाराच्या वागण्याचे उत्तर पाहिले. पैजा एकेक करून मोजल्या तर नकोशा वाटतात, बेरीज करून पाहिल्या तर हव्याशा वाटतात. शेअर बाजारातला प्रत्येक दिवस ही अशीच एक पैज असते, आणि रोज ॲप उघडणारा माणूस प्रत्येक पैजेचा निकाल वेगळा मोजत बसतो.

हे आकड्यांत पाहिले की नीट कळते. वर्षाला सरासरी १० टक्के परतावा देणारा आणि वार्षिक प्रमाण विचलन, म्हणजे परतावा सरासरीच्या वर-खाली किती हलतो याचे माप, १६ टक्के असलेला शेअरांचा पोर्टफोलिओ धरू. परतावे घंटाकृती वक्राप्रमाणे विखुरतात असे मानू. प्रत्यक्षात टोकाचे दिवस त्याहून जास्त येतात, पण मुद्दा समजायला एवढे पुरे. वर्षातले व्यवहाराचे दिवस सुमारे २५० असतात. त्यातले साधारण १२९ दिवस हिरवे आणि १२१ दिवस लाल निघतात. दर महिन्याला पाहिले तर हिरवा आकडा दिसण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के होते, तिमाहीला ६२ आणि वर्षाला ७३. पैसे तेच आणि बाजारही तोच, तरी रोज पाहणाऱ्यासमोर वर्षभरात १२१ वाईट बातम्या येतात, तर वर्षाने एकदाच पाहणाऱ्याला सरासरी चार वर्षांत एकच येते.

नफा आणि तोटा मनात सारख्या वजनाचे असते तर हरकत नव्हती, कारण लाल-हिरव्याची वजाबाकी शेवटी एकच उत्तर देते. पण ते तसे नसतात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रॉस्पेक्ट सिद्धांतानुसार तेवढ्याच नफ्यापेक्षा तोटा जास्त बोचतो. १९९२ च्या त्यांच्या अंदाजानुसार तो सुमारे सव्वादोन पट बोचतो. आपण सोपे करून दुप्पट धरू. एक टक्का वाढीला एक गुण आणि एक टक्का घटीला उणे दोन गुण देऊ. वरच्या पोर्टफोलिओसाठी वर्षभरातल्या ‘मनाच्या गुणांची’ सरासरी बेरीज रोज पाहणाऱ्याची उणे ८६ येते. दर महिन्याला पाहणाऱ्याची ती उणे साडेसात येते, तिमाहीला पाहणाऱ्याची अधिक दीड आणि वर्षाने पाहणाऱ्याची अधिक साडेसात. उणे चिन्ह अधिक होते ते महिना आणि तिमाही यांच्या मधे. दर तिमाहीला एकदाच पाहावे ही शिफारस मला पटते ती या हिशेबामुळे, परंपरेमुळे नाही. ज्याला तोटा तिप्पट बोचतो त्याने याहून विरळ पाहावे, हेही याच हिशेबातून निघते.

रोजच्या पाहण्यात आणखी एक गोष्ट घडते. मूल्य पाहिले की तोच आकडा मनातला नवा संदर्भबिंदू होतो. कालचे १०० आज ९९ झाले तर मूळ ७० ला घेतले होते हे आठवत नाही, एक गेला एवढेच दिसते. त्यातही मन सर्वांत उंच आकडा धरून ठेवते, आणि बहुतेक दिवशी मूल्य मागच्या उच्चांकाच्या खालीच असते. त्यामुळे वर्षानुवर्षे फायद्यात असलेला माणूसही बहुतेक सकाळी स्वतःला तोट्यात पाहतो. शिवाय लाल आकड्याच्या शेजारीच विक्रीचे बटण असते. अस्वस्थता आणि कृती यांच्यात अंतरच उरत नाही.

प्रयोगांनी याला आधार दिला आहे. थेलर, ट्वर्स्की, कानेमन आणि ॲलन श्वार्ट्झ यांनी १९९७ मध्ये काही जणांना शेअर आणि रोखे यांसारख्या दोन निधींत पैसे वाटायला सांगितले. ज्यांना दर महिन्यासारखे निकाल दाखवले, त्यांनी शेअरसारख्या निधीत सुमारे ४० टक्के ठेवले. वर्षाने निकाल पाहणाऱ्यांनी सुमारे ७० टक्के ठेवले. अनुभवी लोक यातून सुटतात असेही नाही. मायकल हेग आणि जॉन लिस्ट यांनी २००५ मध्ये शिकागोच्या व्यावसायिक व्यापाऱ्यांवर असाच प्रयोग केला, तेव्हा त्यांच्यात ही धास्ती विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आढळली. प्रयोगशाळेबाहेरचा दाखला इस्राएलचा आहे. तिथल्या नियामकाने २०१० मध्ये निवृत्ती निधींना बारा महिन्यांपेक्षा कमी काळाचे परतावे दाखवण्यास मनाई केली. माया शॅटन यांच्या अभ्यासानुसार त्यानंतर निधींमधली अदलाबदल घटली आणि लोक अधिक जोखीम पेलू लागले. पैसे तेच होते, फक्त आकडा दाखवण्याची पद्धत बदलली होती.

ठरलेले वेळापत्रक म्हणजे केवळ कमी वेळा पाहणे नव्हे. त्याचे तीन भाग असतात आणि तिन्ही आधी लिहून ठेवावे लागतात. पहिला तारीख, उदाहरणार्थ दर तिमाहीचा शेवटचा दिवस. दुसरा भाग म्हणजे काय पाहायचे. एकूण मूल्यापेक्षा शेअर आणि रोखे यांचे प्रमाण पाहायचे, कारण निर्णय त्यावर घ्यायचा असतो. तिसरा भाग म्हणजे नियम. प्रमाण ६०:४० ठरले असेल आणि शेअरांचा वाटा ५५ च्या खाली किंवा ६५ च्या वर गेला, तर ते पुन्हा ६०:४० करायचे. नाहीतर काहीच करायचे नाही. तारीख आली की पाहायचे, नियम लागू होतो का ते तपासायचे, जे केले ते एका ओळीत लिहायचे आणि बंद करायचे. बाजार पडो की चढो, ‘आता काय करू?’ हा प्रश्न आढाव्याच्या दिवशी नव्याने उभाच राहत नाही. मन शांत होते ते मुख्यतः यामुळे.

२०२० साल या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २०१९ अखेर एकाचे १०० एकक आहेत, ६० अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकात आणि ४० रोख्यांत असे समजू. सोपेपणासाठी रोखे स्थिर आणि लाभांश शून्य धरू. रोज पाहणाऱ्याने ९ मार्चला साडेसात टक्क्यांहून मोठी घसरण पाहिली, १२ तारखेला साडेनऊ, दुसऱ्याच दिवशी नऊ टक्क्यांहून मोठी उसळी, आणि १६ तारखेला जवळपास १२ टक्क्यांची घसरण. २३ मार्चला निर्देशांक २,२३७ वर बंद झाला, फेब्रुवारीच्या उच्चांकापासून सुमारे ३४ टक्के खाली. त्या दिवशी धीर सुटून त्याने सगळे शेअर विकले तर हातात सुमारे साडेएक्याऐंशी एकक उरले, आणि पुन्हा आत केव्हा जायचे हा त्याहून कठीण प्रश्न उभा राहिला. दुसऱ्याच दिवशी बाजार नऊ टक्क्यांहून जास्त वाढला.

तिमाहीच्या शेवटी पाहणाऱ्याला ३१ मार्चला निर्देशांक वर्षारंभापेक्षा २० टक्के खाली दिसला. हे काही सुखद दृश्य नव्हते. शेअर ४८ झाले होते, एकूण ८८, म्हणजे शेअरांचा वाटा साडेचौपन्न टक्के. नियम लागू झाला, त्याने रोख्यांतून ४.८ एकक काढून शेअर घेतले. जूनअखेर वाटा ६४ टक्के होता, म्हणून काहीच करायचे नव्हते. सप्टेंबरअखेर तो ६६ झाला, म्हणून थोडे विकून पुन्हा ६०:४० केले. वर्षाअखेर त्याच्याकडे सुमारे १११ एकक होते. ज्याने वर्षभर पोर्टफोलिओला हातच लावला नाही त्याच्याकडे जवळपास ११० झाले. प्रमाण दुरुस्त करण्याने फार कमावले नाही, कमावले ते विकण्यापासून दूर राहिल्याने. हा फरक स्पष्ट ठेवायला हवा, कारण पुनर्संतुलनातून मोठा जादा परतावा मिळतो असा समज करून घेतला तर पुढच्या वेळी निराशा होते.

न पाहणे आणि ठरवून पाहणे यांतही गल्लत होते. निक्लास कार्लसन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि ड्यूएन सेप्पी यांनी २००९ मध्ये दाखवले, की बाजार पडला की गुंतवणूकदार खाते कमी वेळा उघडतात. याला शहामृग परिणाम म्हणतात. म्हणजे चढत्या काळात रोज डोकावायचे आणि पडत्या काळात डोळे मिटायचे, अशी उलटी सवय लागते. वेळापत्रक दोन्ही टोकांना लागू असते. चांगल्या दिवसांत ते माणसाला थांबवते आणि वाईट तिमाहीच्या शेवटी खाते उघडायला लावते. वरच्या उदाहरणात ३१ मार्चचा आढावा टाळला असता तर स्वस्त भावात झालेली खरेदीही झाली नसती.

काही गुंतवणुकींना हे लागू पडत नाही. कर्ज काढून किंवा मार्जिनवर, म्हणजे दलालाच्या उसन्या पैशावर, घेतलेल्या शेअरांवर रोज लक्ष ठेवावेच लागते, कारण तिथे घसरण झाली की दलाल पैसे मागतो किंवा परस्पर विकतो. एकाच कंपनीत बहुतेक पैसा अडकला असेल तर ‘पडलेले पुन्हा चढेल’ हे गृहीतच टिकत नाही. वरचा सारा हिशेब विखुरलेल्या, सरासरीने वाढणाऱ्या पोर्टफोलिओचा आहे. वर्षभरात लागणारे पैसे शेअरांत असतील तर दोष वारंवारतेचा नसून वाटणीचा आहे, आणि तो कमी पाहून सुटत नाही. खात्यात न केलेला व्यवहार दिसतो का, हे तपासणे हा सुरक्षेचा भाग आहे. त्यासाठी व्यवहारांची सूचना चालू ठेवावी आणि भावाची बंद करावी.

वेळापत्रक ढिले पडल्याची खूण नोंदवहीत दिसते. आढाव्याच्या तारखांशिवाय इतर दिवशी केलेले व्यवहार वेगळ्या रंगात लिहिले, तर ते बहुधा मोठ्या घसरणीच्या किंवा मोठ्या तेजीच्या आठवड्यांत दाटलेले आढळतात. दुसरी खूण म्हणजे नियमाची पट्टी आढाव्याच्याच दिवशी बदलणे. पाच टक्क्यांची पट्टी ‘या वेळेपुरती’ दहा करणे हा नियम पाळणे नसून नवा निर्णयच असतो. बदल करायचाच असेल तर तो आज लिहून पुढच्या आढाव्यापासून लागू करतात.