दिलगिरीपत्र (उशिरा पोचलेल्या मालाबद्दल)

ठरलेल्या तारखेनंतर माल पोचल्यावर पुरवठादाराने ग्राहक कंपनीला लिहिलेले पत्र. व्यापारी मराठीत ‘दिलगीर आहोत’ हाच शब्द रुळलेला आहे. फारसीतून आलेला हा शब्द गुजरातीतही त्याच अर्थाने चालतो, त्यामुळे वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या मराठी कारखानदाराला अहमदाबादच्या आणि नाशिकच्या पार्टीला एकाच शब्दात लिहिता येते. ‘माफी’ व्यक्तीकडे मागतात. कंपनीच्या पत्रात ती गयावया केल्यासारखी वाटते.

पत्र खरेदी अधिकाऱ्याच्या नावाने जाते, पण त्याचा खरा वाचक वेगळा असतो. माल न आल्यामुळे उत्पादन विभागाने खरेदी अधिकाऱ्याला जाब विचारलेला असतो आणि हाच पुरवठादार पुन्हा का, याचे उत्तर त्याला वरिष्ठांना द्यायचे असते. पत्र फाइलला लावून पुढे पाठवता येईल असे असेल तरच पुढची ऑर्डर टिकते. त्यासाठी त्याला तीन गोष्टी लागतात: उशीर नेमका किती दिवसांचा, तो कशामुळे झाला आणि पुढच्या खेपेला काय वेगळे होणार.

दिवस मोजताना पहिली चूक होते. पुरवठादार बिल्टीची तारीख धरतो, तर ग्राहक आपल्या गेटवर माल आवक झाल्याची तारीख धरतो. खरेदी ऑर्डरमध्ये ‘पोच’ म्हटले असेल तर वाहतुकीचे दिवसही पुरवठादाराच्या खात्यात जातात. वडोदऱ्याहून नाशिकला पूर्ण ट्रक दुसऱ्या दिवशी पोचू शकतो, पण थोडा माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात इतरांच्या मालाबरोबर चढतो-उतरतो आणि त्याला सहज तीन-चार दिवस लागतात. पत्रातला आकडा ग्राहकाच्या आवक नोंदीशी जुळला नाही, तर पुढचा मजकूर कोणी विश्वासाने वाचत नाही.

एक नमुना प्रकरण घेऊ. मकरपुऱ्यातला एक कारखाना ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला लागणारे नायट्राइल-कॉर्कचे गॅस्केट कापतो. नाशिकच्या कंपनीची 2 मेची ऑर्डर 600 संचांची होती, दर 450 रुपये आणि नाशिकला पोच 31 मे. कारखान्याने शीट उशिरा मागवली, ती 19 मेला आली. 22 मेला तपासणीत तिचा कडकपणा 79 निघाला. ड्रॉइंगमध्ये 70 अधिक-उणे 5 होता. कडक गॅस्केट बोल्ट आवळल्यावर पुरेसे दबत नाही आणि पुढे जोडातून तेल झिरपते, म्हणून शीट परत करणे योग्यच होते. शिल्लक चांगल्या शीटमधून कापलेले 200 संच 3 जूनला पोचले आणि उरलेले 400 संच 11 जूनला. ग्राहकाला पहिला फोन मात्र 30 मेला गेला.

इथे दिलगिरी कशाबद्दल व्यक्त करायची? बहुतेक जण शीटबद्दल लिहितात आणि ‘गुणवत्तेशी तडजोड केली नाही’ असे ठासून सांगतात. ते खरे असले तरी शीट वेळेत का तपासली नाही, हा प्रश्न तसाच उरतो. त्याहून मोठा दोष 22 ते 30 मेच्या आठ दिवसांच्या मौनाचा आहे. 22 मेलाच कळले असते तर ग्राहकाने जोडणीचा क्रम बदलला असता किंवा दुसरीकडून थोडे संच उचलले असते. ही सोय हिरावली गेली हे पुरवठादाराने स्वतःहून मान्य केले, तर खरेदी अधिकाऱ्याला ते वरिष्ठांपुढे मांडता येते. म्हणून पत्राचा गाभा असा असावा:

‘आपल्या 2 मेच्या ऑर्डरचे 200 संच तीन दिवस आणि 400 संच अकरा दिवस उशिरा पोचले. शीट आम्ही उशिरा मागवली आणि ती तपासणीत नापास झाली. हे आम्हाला 22 मेला समजले होते, तरी आपल्याला 30 मेपर्यंत कळवले नाही. ही आमची चूक आहे व त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. यापुढे आपल्या ऑर्डरची शीट पोच-तारखेच्या किमान 20 दिवस आधी तपासली जाईल आणि नापास झाल्यास त्याच दिवशी आपल्याला फोन व ईमेल जाईल.’

या मजकुरात क्रियापदाचा कर्ता ‘आम्ही’ आहे. ‘विलंब झाला’ असे लिहिले की उशीर कोणी केलाच नाही असे भासते. ‘गैरसोय झाली असल्यास’ हा शब्दप्रयोग सर्वांत घातक, कारण ज्याची लाइन थांबली त्यालाच ती थांबली का असे विचारल्यासारखे होते. ‘अपरिहार्य कारणास्तव’ हे शब्द सरकारी सूचनेत ठीक आहेत, पण तपासणी आधी करून टाळता येणारा उशीर अपरिहार्य नसतो.

भरपाईबद्दल मोजून लिहावे. पुष्कळ ऑर्डरींमध्ये उशिराच्या मालावर दर आठवड्याला, किंवा त्याच्या भागाला, अर्धा टक्का कपात आणि कमाल पाच टक्के अशी अट असते. ती इथे आहे असे धरल्यास 90,000 रुपयांच्या पहिल्या खेपेवर 450 आणि 1,80,000 रुपयांच्या दुसऱ्या खेपेवर दोन आठवड्यांचे 1,800, म्हणजे एकूण 2,250 रुपये होतात. हा आकडा आपणच मांडून मान्य करावा, वाट पाहू नये. पण ‘आपले झालेले सर्व नुकसान भरून देऊ’ असे कधीही लिहू नये. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 73 प्रमाणे भरपाई करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेल्या किंवा करार करताना दोन्ही पक्षांना ठाऊक असलेल्या नुकसानीची असते. दूरच्या, अप्रत्यक्ष नुकसानीची नसते. त्या एका वाक्याने ही मर्यादा आपल्याच हाताने सैल होऊ शकते.

पुढच्या ऑर्डरवर दरात सूट देणे सोपे वाटते, पण ती देऊ नये. 450 चा दर एकदा 430 झाला की ग्राहकाच्या संगणकात तोच ‘शेवटचा खरेदी दर’ म्हणून उमटतो आणि पुढची घासाघीस तिथून सुरू होते. त्याऐवजी पुढच्या खेपेचे भाडे सोसावे, किंवा ग्राहकाचा महिन्याचा खप 200 संचांचा असेल तर 100 संच आपल्या खर्चाने तयार ठेवावेत. रबराचे आयुष्य मर्यादित असल्याने हा साठा आधी आलेला आधी देऊन फिरता ठेवावा लागतो. थकलेल्या बिलाचा विषय या पत्रात आणू नये. तो आला की दिलगिरीचा सौदा होतो. त्यासाठी निराळा ईमेल करावा.

आधी फोन करावा आणि शेवटची खेप गेटवर उतरल्यापासून दोन दिवसांत, मालकाच्या सहीने, एका पानाचे पत्र पाठवावे. महाराष्ट्रातल्या ओळखीच्या पार्टीला ‘स.न.वि.वि.’ने सुरुवात करून मराठीत लिहिणे शोभते. पण मोठ्या कंपनीचा गुणवत्ता विभाग दुसऱ्या राज्यात असेल तर इंग्रजी प्रत सोबत जोडावी.

वर्षभरात पुन्हा उशीर झाला तर तोच मजकूर चालत नाही, कारण पहिले पत्र फाइलमध्ये असते आणि 20 दिवसांचे आश्वासन त्यात लिहिलेले असते. दुसऱ्या पत्रात त्या आश्वासनाचे काय झाले ते आधी सांगावे लागते, शीटच्या आवकेच्या व तपासणीच्या तारखांसह.