स्थिर शॉटला हलकासा झूम: पिक्सेल कुठून आणायचे?

ट्रायपॉडवर घेतलेली मुलाखत एडिटिंगला बसलं की कधीकधी फार निश्चल वाटते. अशा वेळी क्लिपचा आकार दहा सेकंदांत जेमतेम पाच टक्के वाढवला, तरी कॅमेरा बोलणाऱ्याकडे हळूच सरकतोय असं वाटतं.

क्लिप 1920 पिक्सेल रुंद आणि टाइमलाइनही तेवढीच असेल, तर 105 टक्क्यांना मूळचे सुमारे 1829 पिक्सेल 1920 जागांवर ताणले जातात. म्हणजे दर वीस पिक्सेलांचे एकवीस होतात आणि कमी पडणारे शेजाऱ्यांच्या रंगांवरून अंदाजाने भरले जातात. फोकस चोख असेल तर एवढं खपतं. मी 110 च्या पुढे जात नाही, कारण पापण्यांचे केस तिथे मऊ पडू लागतात. तीच क्लिप 3840 रुंदीची असेल, तर चौकटीत बसवायला ती 50 टक्के करावी लागते. ती 52.5 पर्यंत नेली तरी 1920 जागांसाठी साडेतीन हजारांहून जास्त खरे पिक्सेल हाताशी उरतात.

हा साठा नकळत गमावणं मात्र फार सोपं आहे. प्रीमियर प्रोच्या अनेक आवृत्त्यांत दोन सारख्या दिसणाऱ्या आज्ञा आहेत. `Scale to Frame Size` क्लिप टाइमलाइनच्या मापाची करून टाकते आणि नंतरचा झूम त्या लहान चित्रावर होतो. `Set to Frame Size` फक्त आकाराचा आकडा 50 करते, मूळ पिक्सेल शाबूत ठेवते. आपल्याला दुसरी हवी.

जागा सरकवताना एक अडचण येते. सुरुवातीला क्लिप चौकटीत नेमकी बसलेली असते, कडेला शिल्लक काहीच नसते. शेवटी, पाच टक्के वाढल्यावर, प्रत्येक बाजूला 48 पिक्सेल मिळतात. चेहरा मध्यावर आणायला जागेचे कीफ्रेम दिले आणि जागा आकाराच्या पुढे धावली, की कडेला काळी पट्टी डोकावते. त्यापेक्षा अँकर पॉइंट, म्हणजे ज्या बिंदूभोवती चित्र वाढतं तो, थेट डोळ्यांवर ठेवावा. डोळे जागचे हलत नाहीत आणि कडाही उघड्या पडत नाहीत.

खरी परीक्षा मंद गतीची असते. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या, तर 250 फ्रेममध्ये चित्राची कड 48 पिक्सेल सरकते, म्हणजे फ्रेमला पिक्सेलचा जेमतेम पाचवा भाग. सॉफ्टवेअरने तो पूर्णांकात बसवला, तर कड चार फ्रेम थांबते आणि पाचव्याला टुणकन उडी मारते. ते हुडकायला पार्श्वभूमीतली दाराची चौकट किंवा पुस्तकांचे कणे बघा, तेही एक्सपोर्ट झालेली फाइल पूर्ण आकारात चालवून, कारण छोट्या प्रिव्ह्यूत ही थरथर लपते. दिसलीच, तर जागेची गणना अपूर्णांकात करणारा इफेक्ट वापरावा.

एक मर्यादा कशानेही जात नाही. कॅमेरा खरोखर पुढे गेला, तर माणूस पाठीमागच्या भिंतीपेक्षा वेगाने मोठा होतो. इथे दोघंही एकाच प्रमाणात वाढतात. पाच टक्क्यांत हा फरक सहसा कुणाला जाणवत नाही, पण वीसला सपाट फोटो जवळ आणल्यासारखं दिसतं, मग पिक्सेल कितीही उरलेले असोत.