प्रिंटरचा पत्ता का हलतो? डीएचसीपी रिझर्वेशनची पार्श्वभूमी

नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका सीए ऑफिसात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लाईट गेली आणि वीस मिनिटांनी आली. त्यानंतर एकाही कॉम्प्युटरवरून प्रिंट निघेना. प्रिंटर चालू होता, झेरॉक्सही काढत होता, तरी विंडोज त्याला ऑफलाइन म्हणत होतं. प्रिंटरवरून नेटवर्कचं पान छापून पाहिलं तर पत्ता 192.168.1.12. कॉम्प्युटरमधल्या प्रिंटरच्या पोर्टमध्ये मात्र 192.168.1.7 लिहिलेलं. हा सात नंबर आता बाहेर बसलेल्या एका क्लायंटच्या मोबाइलकडे होता. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटतो तो राउटर, डीएचसीपी नावाच्या पद्धतीने. कोणाला कोणता दिला याची त्याची यादी फक्त मेमरीत होती, ती लाईटबरोबर गेली. मोबाइल लगेच जोडला गेला. प्रिंटर सावकाश गरम होऊन मागाहून आला, आणि जो पत्ता मोकळा होता तो त्याला मिळाला.

यावरचा इलाज म्हणजे रिझर्वेशन. राउटरला एकदाच सांगायचं की या मॅक ॲड्रेसचं, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या या क्रमांकाचं यंत्र आलं की त्याला हाच पत्ता द्यायचा. प्रिंटरच्या सेटिंगला हात लावायचा नाही. बऱ्याच जणांना ही सोय नंतर जोडलेली वाटते. इतिहास मात्र उलटा आहे: ठरलेला पत्ता आधी आला, फिरता पत्ता मागून.

१९८० च्या दशकात डिस्क नसलेली वर्कस्टेशन्स आली. चालू होताना त्यांना स्वतःचा पत्ताही ठाऊक नसे, ठाऊक असे तो फक्त नेटवर्क कार्डावर कोरलेला क्रमांक. १९८४ साली स्टॅनफर्डच्या मंडळींनी पत्ता विचारण्याची आरएआरपी ही रीत मांडली: यंत्राने आपला क्रमांक ओरडून सांगायचा, सर्व्हरने वहीत बघून पत्ता द्यायचा. पण ही हाक त्याच केबलपुरती जायची, राउटर ओलांडत नव्हती. उत्तरातही पत्त्यापलीकडे काही नसे. पुढच्याच वर्षी बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी आणला. तो यूडीपी या इंटरनेटच्या निरोप पाठवण्याच्या रीतीवर चालायचा, त्यामुळे मध्ये निरोप पुढे देणारा रिले ठेवून दुसऱ्या नेटवर्कातही पोहोचायचा. सर्व्हरवरच्या bootptab फाइलमध्ये प्रत्येक यंत्राची एक ओळ असे. आपला प्रिंटर तिथे असा दिसला असता:

```
printer:ht=ethernet:ha=00005e005307:ip=192.168.1.50:
```

म्हणजे हे रिझर्वेशनच, फक्त प्रत्येकासाठी सक्तीचं. नवीन यंत्र आणलं की ॲडमिनने ओळ लिहायची, नाहीतर पत्ता नाही. लॅपटॉप घेऊन माणसं इकडून तिकडे फिरू लागली तेव्हा ही वही सांभाळणं जिकिरीचं झालं.

ऑक्टोबर १९९३ मध्ये बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेलं डीएचसीपीचं मानक आलं. निरोपाचा साचा आणि ६७-६८ ही पोर्ट बूटपीचीच ठेवली. नवी गोष्ट होती लीज, म्हणजे मुदतीवर दिलेला पत्ता. अर्धी मुदत सरली की यंत्र नूतनीकरण मागतं. १९९७ च्या सुधारित मानकातही पत्ता देण्याच्या तीन रीती आहेत: कायमचा आपोआप दिलेला, मुदतीचा, आणि ॲडमिनने ठरवलेला पण डीएचसीपीने पोहोचवलेला. मानकात या तिसरीचं नाव ‘मॅन्युअल’. राउटरच्या पानावर तिलाच कुठे ‘ॲड्रेस रिझर्वेशन’, कुठे ‘स्टॅटिक लीज’ म्हणतात. अनेक राउटरांत चालणाऱ्या डीएनएसमास्क या प्रोग्रॅममध्ये तीच ओळ आज अशी लिहितात:

```
dhcp-host=00:00:5e:00:53:07,192.168.1.50
```

दोन्ही ओळी शेजारी ठेवा. मजकूर तोच आहे.

कॉलेज रोडवर आम्ही वाटपाचा पट्टा .100 ते .199 केला आणि प्रिंटरला .50 दिला. काही राउटर पट्ट्याबाहेरचा पत्ता राखू देत नाहीत, तिथे आतलाच एक निवडावा लागतो. मग प्रिंटर बंद करून चालू केला, कारण हातात असलेली जुनी लीज तो स्वतःहून सोडत नाही. शेवटी प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये नवा पत्ता टाकला. हे शेवटचं काम विसरलं की सगळं बरोबर असूनही प्रिंट निघत नाही.

जुन्या वहीची जुनी अडचण मात्र अजून तशीच आहे: ओळख कार्डाच्या क्रमांकावर टांगलेली. केबल आणि वायफाय दोन्ही असलेल्या कॅमेऱ्याला दोन मॅक असतात. केबलचा नोंदवला आणि कॅमेरा वायफायवर लावला, तर राउटर त्याला परका समजतो आणि कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या एनव्हीआरवर ती चौकट काळी पडते. अशा वेळी राउटरच्या क्लायंट यादीत कॅमेऱ्यासमोर कोणता मॅक दिसतो ते पाहून स्टिकरशी ताडायचं. प्रिंटरचं नेटवर्क कार्ड बदललं तरी हेच. आणि वही राउटरमध्येच असल्यामुळे इंटरनेटवाल्याने डबा बदलून दिला की ती त्याच्याबरोबर जाते. सीए साहेबांनी मॅक आणि पत्ता मार्करने प्रिंटरच्या पाठीवरच लिहून घेतला आहे.