सगळ्यांची फेज आणि दोघांतली फेज

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यावरून जाताना नाकात अमोनिया शिरतो. पदवीच्या मुलांना क्वांटम शिकवायला मी हाच रेणू घेतो. त्याचा नायट्रोजन तीन हायड्रोजनच्या प्रतलाच्या वर असेल किंवा खाली. म्हणजे दोन स्थिती, आणि ऊर्जेचा मॅट्रिक्स असा:

```
H = [ E0  -A ]
    [ -A  E0 ]
```

कर्णावरच्या E0 कडे बघून अनेक जण ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन्ही स्थितींना थेट e^(-iE0t/ħ) ही फेज लावून मोकळे होतात. मग उत्तर येतं की वरचा नायट्रोजन कायम वरच राहतो. या चुकीच्या उत्तरातही संभाव्यतांची बेरीज 1 येते, त्यामुळे ती तपासणी इथे कामाची नाही. उत्तर श्रोडिंजरच्या समीकरणात घालून पाहा. -A ची पदं शिल्लक उरतात आणि चूक उघडी पडते. फेज लावायची ती आयगेनव्हेक्टरना:

```
s = (1, 1)/√2    ऊर्जा E0 - A
a = (1,-1)/√2    ऊर्जा E0 + A
```

आता खरा गोंधळ. रेणू नुसत्या s मध्ये असेल तर t वेळानं s ला एक फेज लागते, पण ती वर-खाली दोन्ही घटकांना सारखीच लागते. भरतीनं बंदरातल्या सगळ्या होड्या एकदम उचलल्या, तरी दोन होड्यांच्या उंचीतला फरक तेवढाच राहतो, तसं हे. नायट्रोजन वर सापडण्याची संभाव्यता ½ होती, ½ च राहते. ही सगळ्यांना मिळून लागलेली फेज कोणत्याच मोजमापात दिसत नाही.

नायट्रोजन वर असताना सुरुवात केली तर स्थिती असते (s + a)/√2. दोघांच्या ऊर्जा वेगळ्या, म्हणून त्यांच्या फेज वेगवेगळ्या वेगानं फिरतात आणि त्यांच्यात 2At/ħ एवढं अंतर पडतं. हे अंतर मात्र दिसतं. ते π झालं की a चं चिन्ह उलटतं, स्थिती (s - a)/√2 होते, आणि गणित करून पाहा, ती आहे (0, 1): नायट्रोजन पूर्ण खाली. मधल्या वेळी खाली सापडण्याची संभाव्यता sin²(At/ħ). यात E0 कुठेच नाही, कारण तो दोघांना समान होता.

आकडे घालू. अमोनियात 2A/h सुमारे 24 गिगाहर्ट्झ, म्हणजे एक पूर्ण फेरा साधारण 42 पिकोसेकंदांचा आणि वरून खाली जायला त्याच्या निम्मे, 21. अमेरिकेत 1954 साली टाउन्स आणि सहकाऱ्यांनी पहिला मेझर चालवला, तो याच वारंवारतेवर.

मला सर्वांत सुंदर वाटतं ते पुढचं. या साऱ्या वर-खाली होण्यात ऊर्जा मोजली तर s आणि a ची संभाव्यता सतत ½ आणि ½ च असते, कारण फेजनं कोणाचाही वाटा बदलत नाही. रेणू एकटा असेपर्यंतच हे सगळं खरं; कारखान्याच्या नळीतल्या दाट वायूत रेणू सतत एकमेकांवर आदळतात आणि s-a मधलं फेजचं अंतर विस्कटून टाकतात.